वीट, डबा आणि ३१ पर्सेंटाइल: सर्जनशीलता चाचणीचा आकडा नेमकं काय सांगतो?

प्रश्न: मुलगी नववीत, इंग्रजी माध्यम, ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. शाळेत बाहेरच्या एका संस्थेने सगळ्यांची ‘क्रिएटिव्हिटी टेस्ट’ घेतली. वीट, रिकामा डबा अशा वस्तूंचे जमतील तेवढे उपयोग लिहा, असं होतं. रिपोर्टमध्ये फ्लुएन्सी २४ पर्सेंटाइल, ओरिजिनॅलिटी ३१ पर्सेंटाइल आणि खाली ‘बिलो अ‍ॅव्हरेज’. तिला डिझाइनला जायचंय. घरी सतत काहीतरी शिवत-उसवत असते, माझ्या लोकलच्या पर्सला आतून मोबाइलचा कप्पा तिनेच शिवून दिलाय. संस्था म्हणते सहा महिन्यांचा कोर्स लावा. नवरा म्हणतो डिझाइनचं खूळ सोड, सायन्स घे. या टेस्टवर किती विश्वास ठेवायचा?

उत्तर:

या रिपोर्टवरून डिझाइनचा निर्णय करू नका आणि कोर्सची फीही भरू नका. चाचणी बोगस आहे असं मात्र मी म्हणणार नाही. मी समुपदेशक आहे, ठाण्यातच काम करते, या प्रकारच्या चाचण्या घेते आणि तपासतेही. त्यातून थोडंफार कळतं, पण तुमच्या हातात पडलेले दोन आकडे ज्या गोष्टीचे म्हणून छापलेत, त्या गोष्टीचे ते पूर्णपणे नाहीत. ते कसं, हे कळायला उत्तरपत्रिका तपासताना काय होतं ते बघावं लागेल.

वस्तूंचे उपयोग विचारायची ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांच्याकडून आली. १९५० साली त्यांनी आपल्या संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात सर्जनशीलतेचा अभ्यास करा असा आग्रह धरला आणि पुढच्या काही वर्षांत एकाच बरोबर उत्तराकडे नेणारा विचार वेगळा, एका प्रश्नाला अनेक दिशांनी फुटणारा विचार वेगळा, अशी मांडणी केली. या दुसऱ्याला पुस्तकी मराठीत अपसारी विचार म्हणतात, आमच्या बोलण्यात डायव्हर्जंट थिंकिंगच. पुढे १९६६ मध्ये पॉल टॉरन्स यांची चाचणी आली, ती आज जगात सगळ्यात जास्त वापरली जाते. आपल्याकडे बाकर मेहदी यांची चाचणी शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असते. त्यातही दगड, काठी, पाणी यांचे वेगळे उपयोग विचारलेत. तुमच्या शाळेत वापरलेली चाचणी कुठली, हे रिपोर्टवर लिहिलेलं असायला हवं. नसेल तर तो पहिला धोक्याचा कंदील समजा.

आता तपासणी. समजा ‘विटेचे उपयोग लिहा’ असा प्रश्न आहे आणि वेळ ठरावीक. पुढच्या दोन पत्रिका मी मुद्दा कळावा म्हणून रचल्या आहेत, पण उत्तरं मुलं लिहितात तशीच आहेत.

एका मुलाने १४ उपयोग लिहिले: घर बांधायला, भिंत बांधायला, कंपाउंड बांधायला, पायरी करायला, चूल मांडायला, स्टंप म्हणून, रिक्षाच्या चाकाखाली लावायला, दार आपटू नये म्हणून, कागद उडू नयेत म्हणून, कुत्र्याला मारायला, नारळ फोडायला, डंबेल म्हणून, उशी म्हणून, जमिनीवर रेघा मारायला.

एका मुलीने पाचच लिहिले. घर बांधायला. पावसाचं पाणी घरात शिरतं तेव्हा विटांवर फळी टाकून पुस्तकांची पेटी वर ठेवायला. वीट कुटून भुकटीने तांब्या-पितळेची भांडी घासायला. वीट रात्रभर पाण्यात भिजवून माठाखाली ठेवायला, म्हणजे माठ खालूनही गार राहतो. आणि वीट तापवून, कापडात गुंडाळून आजीच्या कमरेला शेक द्यायला.

फ्लुएन्सी म्हणजे उत्तरांची निव्वळ संख्या: त्याला १४, तिला ५. मग फ्लेक्सिबिलिटी, म्हणजे उत्तरं किती वेगवेगळ्या प्रकारांत पडतात. त्याची पहिली चार सगळी बांधकामच. चाक, दार आणि कागद हे वजनाने अडवण्यात मोडतात, कुत्रा आणि नारळ हाणण्या-फोडण्यात. असं करत त्याचे आठ प्रकार होतात. तिचे पाचही वेगळे.

ओरिजिनॅलिटीत खरी गंमत आहे. उत्तर चांगलं आहे की नाही, हे तपासणारा ठरवत नाही. ते उत्तर गटात किती जणांनी दिलं, एवढंच बघतो. एक प्रचलित नियम असा: शंभरातल्या पाच किंवा जास्त जणांनी दिलं असेल तर शून्य, दोन ते पाचच्या दरम्यान असेल तर एक गुण, दोनहून कमी जणांनी दिलं असेल तर दोन गुण. धरून चालू की या गटात त्या मुलाचं नारळ, डंबेल आणि रेघा हे एकेक गुणाचे, उशी दोन गुणांची, बाकी शून्य. एकूण पाच. मुलीला माठ आणि शेक यांचे दोन-दोन गुण, बाकी शून्य. एकूण चार.

म्हणजे ओरिजिनॅलिटीत मुलगा पुढे. पण त्याने चौदा वेळा हात मारून पाच गुण काढले, तिने पाच उत्तरांत चार. प्रत्येकाची फक्त सगळ्यात चांगली दोन उत्तरं मोजली, तर तिचे चार आणि त्याचे तीन. पत्रिका त्याच, उत्तरं तीच, मोजायची रीत बदलली की क्रम उलटला. आणि विटेची उशी करून कोण झोपणार, हा प्रश्न या मोजणीत कुठेच येत नाही. दुर्मीळ आहे ना, मग दोन गुण. सर्जनशील गोष्ट नवी असावी आणि कामाचीही असावी, असं या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मानतात. ही मोजणी त्यातला पहिला अर्धाच बघते.

ही दुखणी जुनी आहेत. १९७९ मध्ये डेनिस होसेवर यांनी उत्तरांच्या संख्येचा वाटा गणिताने वेगळा काढून पाहिलं, तेव्हा उरलेल्या ओरिजिनॅलिटीत भरवशाने मोजण्यासारखं फारसं काही राहिलं नाही. जास्त लिहिणाऱ्याच्या हाती चार दुर्मीळ उत्तरं आपोआप लागतात, म्हणून दोन्ही आकडे जोडीने चढतात आणि जोडीने उतरतात. तुमच्या रिपोर्टमधले २४ आणि ३१ हे ‘दोन बाबतींत कमी’ असं वाचू नका. बहुधा एकच गोष्ट दोनदा छापली आहे: मुलीने कमी उत्तरं लिहिली. याला उपाय नाहीत असं नाही. पॉल सिल्व्हिया आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वर केली तशी पद्धत मांडली: मुलाने स्वतःची सर्वोत्तम दोन उत्तरं निवडायची आणि परीक्षकांनी तेवढ्यांनाच गुण द्यायचे. पण त्याला परीक्षक लागतात, वेळ लागतो. शाळेतल्या शेकडो पत्रिका एका आठवड्यात उरकणारी संस्था ते करत असेल असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट तपासून बघा: दुर्मीळ हे कुठल्या गटाच्या तुलनेत ठरवलं? चाचणीच्या पुस्तिकेत तयार यादी असते आणि ती जिथे बनली तिथल्या मुलांच्या उत्तरांवरून बनलेली असते. परदेशी यादी हातात घेऊन बसलात, तर ‘विठोबाला उभं राहायला’ हे उत्तर तिच्यात सापडणार नाही आणि पूर्ण गुण मिळतील. ठाण्यातल्या मराठी घरांतून आलेल्या मुलांच्या गठ्ठ्यात ते इतक्यांदा येतं की मी ते वाचून मानही वर करत नाही. उलट अंगण असलेल्या परदेशी घरांतल्या मुलांना जे सहज सुचतं, ते आपल्या इमारतींतल्या मुलांना सुचणार नाही आणि त्यात त्यांची कल्पकता कमी पडली असंही नाही. म्हणून संस्थेला विचारा की ३१ पर्सेंटाइल कोणात? तुमच्याच शाळेच्या नववीत, महाराष्ट्रातल्या मुलांत, की दुसऱ्याच कुठल्या देशातल्या? पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी ३१ गुण नव्हेत. त्या गटातली साधारण ३१ टक्के मुलं तिच्या खाली होती, एवढाच त्याचा अर्थ. गट कुठला ते माहीत नसेल तर आकड्याला अर्थच राहत नाही.

चाचणी कशी घेतली यानेही निकाल हलतो. मायकेल वॉलाक आणि नेथन कोगन यांनी १९६५ मध्ये मुद्दाम वेळेचं बंधन काढलं, परीक्षेचं वातावरण काढलं, एकेका मुलाशी खेळ म्हणून हे प्रश्न खेळले. त्यांचं म्हणणं होतं की घड्याळ लावून वर्गात बसवलं की ही चाचणी बरीचशी नेहमीच्या बुद्धिमत्ता चाचणीसारखीच वागायला लागते. दुसरं, पहिली उत्तरं बहुतेकांची सारखीच असतात. डोक्यात वर वर असलेलं आधी बाहेर पडतं, वेगळं काही सुचतं ते त्यानंतर. हे १९५७ पासून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. त्यामुळे बेल वाजली की हळू लिहिणाऱ्या, किंवा लिहिण्याआधी मनातल्या मनात खोडणाऱ्या मुलीचं नुकसान नेमकं शेवटच्या, चांगल्या उत्तरांत होतं. तिसरं, सूचना काय दिली? ‘जमतील तेवढे लिहा’ म्हटलं तर मुलं संख्या वाढवतात. ‘दुसऱ्या कुणाला सुचणार नाहीत असे लिहा’ म्हटलं तर तीच मुलं कमी पण वेगळं लिहितात. एवढ्या एका वाक्याने आकडे बदलतात.

मुलीला एकदा सहज विचारा, वेळ पुरला का, आणि सुचलेलं पण लिहिलं नाही असं काही होतं का? ‘हे काय लिहायचं, मूर्खपणा वाटेल’ म्हणून गाळलेल्या गोष्टी माझ्यासमोर बसून मुलं धडाधड सांगतात. तुमच्या मुलीचं तसं झालं की नाही, मला माहीत नाही. पण कमी फ्लुएन्सीमागे सुचत नाही हे एकच कारण नसतं, जास्त चाळणी लावते हेही असू शकतं.

आता मुद्द्याचा प्रश्न: समजा चाचणी चांगली होती, नीट घेतली, नीट तपासली. तरी तिच्यावरून पुढचं किती कळतं? क्युंग-ही किम यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनं एकत्र करून या चाचण्यांचे गुण आणि प्रत्यक्षातली सर्जनशील कामगिरी यांचा सहसंबंध काढला. तो साधारण ०.२२ आला. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पक्का संबंध. बुद्ध्यंकाचा आकडा त्याहून थोडा कमी, ०.१७ च्या आसपास होता. म्हणजे चाचणी अगदीच कुचकामी नाही. पण ०.२२ म्हणजे किती, हे पालकांना मी असं सांगते: चाचणीत वरच्या अर्ध्यात आलेली १०० मुलं घ्या. एवढ्या सहसंबंधात त्यांतली साधारण ५७ पुढे कामगिरीतही वरच्या अर्ध्यात असतील. खालच्या अर्ध्यातली १०० घ्या, तर त्यांतलीही ४३ कामगिरीत वरच्या अर्ध्यात असतील. एका मुलीचं शिक्षण ठरवायला ५७ आणि ४३ मधला हा फरक तुम्हाला पुरेसा वाटतो का? मला वाटत नाही. शेकडो मुलांच्या दोन गटांची तुलना करणाऱ्या संशोधकाला मात्र तो पुरतो. या चाचण्यांचं खरं घर तेच आहे.

टॉरन्स यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटातल्या शाळकरी मुलांपासून सुरू केलेला अभ्यास पन्नास वर्षं चालला. २०१० मध्ये त्याचा जो अहवाल आला त्यात लहानपणचे गुण आणि वैयक्तिक पातळीवरची सर्जनशील कामं यांचा संबंध दिसला. पण समाजाने दखल घ्यावी अशा जाहीर कामगिरीशी तसा संबंध दिसला नाही. घरात, छंदात, रोजच्या जगण्यात कल्पक असणं आणि एखाद्या क्षेत्रात नाव होणं यांच्या मध्ये कौशल्य, चिकाटी, संधी, पैसा, योग्य माणसं भेटणं एवढं सगळं पडलेलं असतं. ते विटेच्या प्रश्नात येणार कुठून?

आणि सर्जनशीलता सगळ्या विषयांत सारखी चालते, हे गृहीतही कच्चं आहे. जॉन बेअर यांनी शाळकरी मुलांना कवितेला लागणाऱ्या अपसारी विचाराचा सराव दिला. त्यांच्या कविता सुधारल्या, पण गोष्टींमध्ये तेवढा फरक पडला नाही. दोन्ही लेखनच, तरी! मग विटेच्या उपयोगांच्या सरावातून शिवणकामाची किंवा डिझाइनची कल्पकता वाढेल असं कोर्सवाले कशाच्या जोरावर म्हणतात, ते त्यांना विचारून बघा. सहा महिने असेच प्रश्न सोडवून घेतले तर याच चाचणीतले गुण वाढतील, यात शंका नाही. यादी कशी लांबवायची हे मुलं पटकन शिकतात. जो मोजतो तोच पुढचा कोर्स विकतो, हे मला व्यक्तिशः खटकतं.

चित्रकला आणि डिझाइनच्या जवळचा एक जुना प्रयोग मला या सगळ्यापेक्षा जास्त कामाचा वाटतो. गेट्झल्स आणि चिक्सेंटमिहाय या दोघांनी १९६०च्या दशकात शिकागोतल्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना एका खोलीत नेलं. दोन टेबलं, एकावर २७ वस्तू. हव्या त्या उचला, दुसऱ्या टेबलावर मांडा आणि चित्र काढा, एवढीच सूचना. संशोधक चित्राआधीचं वागणं टिपत होते. काहींनी दोन-तीन वस्तू उचलल्या, मांडल्या आणि लगेच काढायला बसले. काही मात्र जास्त वस्तू हाताळत राहिले, उलटसुलट करून बघत राहिले आणि चित्र सुरू केल्यावरही मांडणी बदलत राहिले. आपल्याला नेमकं काय काढायचंय हे ठरवायला त्यांनी वेळ घेतला. काही वर्षांनी पाहिलं तर कलाक्षेत्रात टिकलेले आणि पुढे गेलेले यांत दुसऱ्या प्रकारच्यांचं पारडं जड होतं. गट लहान होता, संबंधही मध्यमच. तरीही तिथे त्यांच्या स्वतःच्या कामातलं वागणं पाहिलं जात होतं.

म्हणून तुमच्या पत्रातलं मला रिपोर्टपेक्षा महत्त्वाचं वाटलं ते पर्सचं वाक्य. तो कप्पा कसा झाला, ते तिच्याकडून नीट ऐकून घ्या. मोबाइल सहज निघावा आणि गर्दीत कुणाला काढता येऊ नये, ही अडचण तुम्ही सांगितली होती की तिने तुम्हाला ठाणे स्टेशनवर पर्समध्ये चाचपडताना पाहून स्वतः ओळखली? पहिल्या वेळी कप्पा कुठे शिवला होता? उसवला का? तोंड वर ठेवायचं की तिरकं, हे कशावरून ठरवलं? अडचण स्वतः शोधली असेल, दोन-तीनदा उसवून जागा बदलली असेल आणि का बदलली हे ती सांगू शकत असेल, तर डिझाइनच्या कामात लागणारी गोष्ट ती करते आहे. नुसतं व्हिडिओत पाहून जसंच्या तसं शिवलं असेल तर तेही कळू दे. त्यात वाईट काही नाही, पण ते हातातलं कौशल्य झालं, कल्पकतेचा पुरावा नव्हे.

मग तिच्या पाच-सहा वस्तू एकत्र करा, फसलेल्याही घ्या, आणि त्या तीन जाणकारांना वेगवेगळ्या दाखवा. एखादा डिझाइनचा विद्यार्थी, एखाद्या चांगल्या शिंपीणताई, शाळेतले कलाशिक्षक. एकमेकांचं मत त्यांना आधी कळू देऊ नका आणि ‘चांगलं आहे का’ असं विचारू नका, सगळे चांगलंच म्हणतात. यातली सगळ्यात कल्पक वस्तू कुठली आणि सगळ्यात नेहमीची कुठली, क्रम लावा, असं सांगा. टेरेसा अमाबिले यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या पद्धतीचं हे घरगुती रूप आहे. त्या त्या क्षेत्रातल्या जाणकारांनी स्वतंत्रपणे प्रत्यक्ष कामाला दर्जा द्यायचा आणि त्यांची मतं जुळतात का ते पाहायचं. तीन जणांत मतं अगदी फाटली तर त्यातून निष्कर्ष काढू नका, आणखी काम जमू द्या.

संस्थेकडून मूळ उत्तरपत्रिका मागून घ्या. रिपोर्ट नको, तिच्या हस्ताक्षरातला कागद. तो मिळाला तर कुणाही समुपदेशकाला अर्ध्या तासात सांगता येईल की कमी पण वेगळी उत्तरं आहेत, की कमी आणि नेहमीचीच. दुसरं निघालं तर तेही ऐकायची तयारी ठेवा. कागद देत नसतील, चाचणीचं नाव सांगत नसतील, तर रिपोर्ट फाइलला लावून मोकळे व्हा.

यजमानांसाठी एक माहिती: बारावीनंतरच्या डिझाइनच्या प्रवेशासाठी सायन्स घ्यावंच लागतं असं नाही. आयआयटी मुंबई घेते त्या यूसीड परीक्षेला आर्ट्स, कॉमर्स, सायन्स कुठल्याही शाखेची मुलं बसतात आणि तिच्यात हाताने चित्र काढायचा भागही असतो. म्हणजे सायन्सचा वाद या रिपोर्टवरून घालायचं कारणच नाही. तो तिच्या गणित-विज्ञानाच्या गोडीवरून वेगळा ठरवा. आणि शासकीय रेखाकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली नसेल, तर शाळेत फॉर्म कधी निघतात ते कलाशिक्षकांना आत्ताच विचारून ठेवा.